जाऊ दे तो जॉब: प्रेस शॉपच्या सुरक्षा फिल्मच्या नोंदी

8 जानेवारी 2024, सोमवार

भोसरीतल्या एका प्रेस शॉपचं काम आलं. गाड्यांसाठी पत्र्याचे छोटे भाग करतात: ब्रॅकेट, क्लिप, वॉशर. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन आहे, त्याआधी नवी प्रशिक्षण फिल्म हवी. सेफ्टी ऑफिसर मॅडमनी जुनी फिल्म दाखवली. 18 मिनिटं, निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं, एकामागून एक 42 नियम. एक बाई ते वाचून दाखवते, ट्रेनच्या घोषणेसारखे. ती कॅन्टीनच्या टीव्हीवर लावतात, लोक डबा खातात, शेवटी रजिस्टरवर सह्या होतात.

मॅडमना मी विचारलं, यातला एक तरी नियम कुणाला आठवतो का? त्या म्हणाल्या, "सगळे सगळ्यांना पाठ आहेत. मागच्या वर्षी बोट गेलं त्याने टेस्टमध्ये 20 पैकी 19 मार्क मिळवले होते."

हे वाक्य आज वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

घरी येऊन यादी पुन्हा वाचली. प्रत्येक नियमापुढे एकच प्रश्न लिहिला: याचं शूटिंग करता येईल का? 'प्रेसवर काम करताना योग्य ती दक्षता घ्यावी.' कॅमेरा कशावर लावू? दक्षता दिसत नाही. 'अनधिकृत व्यक्तीने यंत्र हाताळू नये.' बरं, कोण अनधिकृत, आणि तो का हाताळतोय? 42 पैकी 11 नियमांत काहीतरी दिसण्यासारखं होतं. बाकीचे ऑडिटच्या फायलीसाठी लिहिलेले आहेत, कामगारासाठी नाहीत.

नियम क्रमांक 3 वर जरा थांबलो. 'कारखाना अधिनियम 1948, कलम 21 नुसार कामगाराने यंत्राचे गार्ड काढू नये.' कलम 21 मुळात यंत्राला कुंपण घालायला सांगतं, आणि ती जबाबदारी कारखान्यावर टाकतं. सुरक्षेच्या साधनांशी मुद्दाम खेळू नये हे कामगाराला सांगणारं कलम वेगळं, 111. यादी करताना कुणीतरी मालकाचं कर्तव्य अलगद उचलून कामगाराच्या माथी मारलंय. मुद्दाम केलं असेल असं नाही. यादीला 'करू नये'ची सवय लागली की सगळंच त्या साच्यात बसतं.

10 जानेवारी, बुधवार

पहिल्या शिफ्टला सकाळी सातपासून आत उभा. कानात बोळे घातले तरी छातीत ठोका जाणवतो. तीन तास नुसतं पाहिलं आणि ऐकलं.

इथली भाषा टिपून ठेवतोय, कारण संवाद त्यातच लिहायचे आहेत. तयार होणारा भाग म्हणजे 'जॉब'. खालीवर होतो तो 'रॅम'. मशीन चुकून एकाऐवजी दोनदा पडली तर 'रिपीट मारली'. सुरक्षेचा प्रकाशपडदा म्हणजे सरसकट 'सेन्सर'. गार्डला 'जाळी' म्हणतात. आणि जॉब डायमध्ये, म्हणजे आकार देणाऱ्या साच्यात, नीट बसला नाही तर 'तिरका गेला'.

त्या तीन तासांत एकच हालचाल पुन्हा पुन्हा दिसली. ऑपरेटर चिमट्याने पत्रा डायवर ठेवतो, चिमटा मागे घेतो, पायाने पेडल दाबतो. दर पन्नास-साठ जॉबमागे एखादा पत्रा किंचित तिरका बसतो, आणि त्या क्षणी माणसाचा हात पुढे उसळतो. बहुतेक वेळा तो अर्ध्यातच थांबतो. दोनदा थांबला नाही. चिमटा उजव्या हातात आणि पत्रा सरळ करायला गेला डावा हात, मोकळा. दोन्ही वेळा काही झालं नाही, आणि ऑपरेटरच्या चेहऱ्यावर काही केल्याची जाणीवसुद्धा नव्हती.

ताटातून पापड खाली पडायला लागला की आपला हात जातो ना, तसा. त्या हाताला 42 नियम कोण सांगणार?

12 जानेवारी, शुक्रवार

काल गुरुवारची औद्योगिक सुट्टी. आज मामांशी बोललो. मामा म्हणजे इथले सर्वांत जुने डाय सेटर, प्रेसवर डाय बसवणारे, लातूरकडचे. पोरं त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही म्हणतो. डाव्या हाताची तर्जनी दोन पेरं कमी. दुसऱ्या एका शॉपमध्ये गेली, वीस-बावीस वर्षांपूर्वी.

अपघाताबद्दल विचारायचं कसं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. त्यांनीच हात टेबलावर ठेवला. "लोक विचारतात, मामा, लक्ष कुठं होतं? लक्ष जॉबवरच होतं. लक्ष होतं म्हणून तर तिरका दिसला."

मी म्हटलं, नियम माहीत नव्हता? "पाठ होता. सेटर होतो मी, दुसऱ्याला सांगायचो."

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर पुढचं सगळं उभं राहणार असं वाटतंय. "पेडल दाबलं होतं. पण मशीन अजून आली नव्हती. मला वाटलं, टाइम आहे."

दाबलं होतं, पण आली नव्हती. हे नीट समजून घ्यायला हवं.

16 जानेवारी, मंगळवार

मेंटेनन्सच्या फोरमनसाहेबांनी बंद प्रेसचं झाकण काढून दाखवलं. शॉपमध्ये दोन जातींच्या प्रेस आहेत. नव्या सहा हवेच्या क्लचच्या. त्यांचा रॅम मधेच थांबवता येतो. सेन्सरच्या प्रकाशात हात आला की क्लच सुटतो, ब्रेक लागतो. जुन्या नऊ पिन क्लचच्या. तिथं फ्लायव्हील सतत फिरत असतं. पेडल दाबलं की एक पिन मोकळी होते आणि फिरत्या चाकातली खाच समोर आली की त्यात बसते. एकदा बसली की रॅम खाली जाऊन वर येणारच. पाय काढा, बटण दाबा, मेन स्विच पाडा, तो फेरा पूर्ण होतो. म्हणूनच या प्रेसला नुसता सेन्सर लावून उपयोग नाही. सेन्सरला हात दिसेल, पण थांबवायला त्याच्याकडे काही नाही.

मामांचा 'टाइम' इथं लपलेला आहे. खाच समोर येईपर्यंत पिन वाट बघते. आम्ही हिशोब मांडला. प्रेस मिनिटाला 50 फेऱ्यांची, म्हणजे एक फेरा 1.2 सेकंदाचा. वरून खाली यायला त्याच्या निम्मा वेळ, 0.6 सेकंद. पण चाकाला एकच खाच असेल आणि ती नुकतीच पुढे निघून गेली असेल, तर आधी जवळजवळ अख्खा फेरा नुसती वाट. म्हणजे पेडल दाबल्यापासून डाय मिटेपर्यंत कधी 0.6 सेकंद, कधी 1.8. त्याच माणसाचं तेच पेडल, आणि दर वेळी उशीर वेगळा.

सुरक्षेच्या हिशोबात हाताचा वेग साधारण सेकंदाला 1.6 मीटर धरतात. 1.8 सेकंदांत हात 2.88 मीटर जाऊ शकतो. फोरमनसाहेबांनी जमिनीवर टेपने मोजून दाखवलं. शेजारच्या प्रेसच्या पलीकडे गेलो आम्ही. म्हणजे या प्रेसला पेडल काढून दोन हातांची बटणं बसवली, तरी ती तीन मीटर लांब असली तरच भरवसा. जवळ लावली तर बटण दाबून हात पुन्हा आत जायला भरपूर वेळ उरतो.

मी पहिल्या पानावर खरडलेलं एक वाक्य खोडलं: 'दोन्ही हात बटणावर, तर दोन्ही हात सुरक्षित.' यमक छान होतं. या नऊ प्रेससाठी ते खोटं होतं.

19 जानेवारी, शुक्रवार

आराखडा. 18 मिनिटांची एक फिल्म नको, चार छोट्या गोष्टी. शिफ्ट सुरू होताना रांगेत उभं राहून दहा मिनिटं बोलणं होतं, तेव्हा एकेका दिवशी एकच दाखवायची. प्रत्येक दीड मिनिटाच्या आत.

पहिली, तिरका जॉब. दुसरी, प्रेसच्या मागे वाकून स्क्रॅप काढणारा हेल्पर आणि पुढे पेडलवर पाय ठेवलेला ऑपरेटर. दोघांना एकमेक दिसत नाहीत. तिसरी, मेन बंद केला म्हणून डायमध्ये हात घालणारा सेटर. चौथी, एकदा रिपीट मारलेली प्रेस.

मला स्वतःला घातलेली अट एकच: गोष्टीत निर्णयाचा क्षण एकच असावा, आणि तो डोळ्यांना किंवा कानाला कळेल अशा खुणेवर बसलेला असावा. 'सावध राहा' ही खूण नाही. पत्रा तिरका दिसणं ही खूण आहे. रॅम नेहमीच्या जागी न थांबता बोटभर खाली येऊन थांबणं, ही खूण आहे. ब्रेक झिजल्याचं ते लक्षण, आणि रिपीटची पहिली वर्दी. खुणेला कृती बांधली तर ती कामावर उभ्या माणसाला वेळेवर आठवण्याची शक्यता तरी असते.

आणि गोष्टीतला माणूस मूर्ख नसावा. जुन्या फिल्ममध्ये एक 'निष्काळजी कामगार' आहे, मोबाईलवर बोलत प्रेस चालवतो. त्याला पाहून प्रत्येक जण म्हणतो, हा मी नव्हे. मामांसारखा, लक्ष देऊन काम करणारा माणूस हवा.

24 जानेवारी, बुधवार

पहिल्या गोष्टीचा खर्डा. तीनदा लिहिला. पहिल्यात निवेदक फार बोलत होता, दुसऱ्यात सुपरवायझरचं भाषण होतं. तिसरा असा:

*दृश्य: दत्ताचे हात. चिमटा, पत्रा, डाय. मागे घेतलेला चिमटा. पेडल. ठोका.*
*आवाज: प्रेसचा खराखुरा ठोका, सारख्या लयीत. चार वेळा.*
*दृश्य: पाचवा पत्रा. तिरका बसतो. आपल्याला दिसतो. दत्तालाही दिसतो, पण पाय पेडलवर दाबला गेलाय.*
*आवाज: ठोका येत नाही. शांतता.*
*दृश्य: डावा हात उचलला जातो. चित्र थांबतं.*
*दत्ता (मनात): दाबलंय. अजून आली नाही. टाइम आहे?*
*दृश्य: हात. रॅम. हात.*
*मामा (चित्राबाहेरून, साध्या आवाजात): जाऊ दे तो जॉब.*
*दृश्य: हात मागे, छातीशी. रॅम पडतो. पत्रा चेंगरतो. दत्ता चिमट्याने तो उचलून लाल पेटीत टाकतो. नवा पत्रा.*
*आवाज: ठोका. पुन्हा लय.*

'टाइम आहे?' नंतर चार सेकंद चित्र थांबवायचं. रांगेत उभी माणसं मनातल्या मनात उत्तर देतील. मग मामा. चुकीची कृती पूर्ण होताना दिसतच नाही, शेवटचं चित्र बरोबर कृतीचं राहतं. रक्त नाही, रुग्णालय नाही, रडणारी बायको नाही. मॅडमना सुरुवातीला हे फिकं वाटलं. मी म्हटलं, खरा ठोका वाजू द्या, मग बघू.

30 जानेवारी, मंगळवार

कच्ची चाचणी. फोनवर काढलेले फोटो जोडले, सगळे आवाज मीच दिले, आणि दुसऱ्या शिफ्टच्या आठ जणांना दोन गोष्टी दाखवल्या. पाहून झाल्यावर काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी एकेकाला गाठून म्हटलं, "मी काल काय दाखवलं, तुमच्या जोडीदाराला सांगा." समजलं का असं विचारलं की सगळे हो म्हणतात. सांगायला लावलं की काय उरलं ते कळतं.

तिरका जॉब आठांपैकी सात जणांनी नीट सांगितला. तिघांनी तर मामांचा आवाज काढून.

दुसरी गोष्ट सपशेल फसली. हेल्परच्या गोष्टीला जोडून मी नव्या प्रेसवरचं एक दृश्य घातलं होतं: टार्गेट गाठायला कुणीतरी सेन्सर कसा निकामी केलाय, ते जवळून दाखवलेलं. उद्देश हा की सुपरवायझरला ओळखता यावं. दुसऱ्या दिवशी एक पोरगा उत्साहाने सांगायला लागला, आणि त्याने मला युक्तीच शिकवली. कुठे काय लावायचं, कसं लावायचं, सगळं क्रमवार. त्याला आधी ती माहीत नव्हती. माझ्या फिल्ममधून कळली.

घाम फुटला. ते दृश्य संपूर्ण काढलं. आता फक्त परिणाम दिसेल: शिफ्ट सुरू करताना ऑपरेटर प्रकाशात चाचणीचा दांडा धरतो, रॅम थांबायला हवा, थांबत नाही. मग तो प्रेस सुरू करत नाही, सेटरला हाक मारतो. का थांबला नाही हे फिल्म सांगणार नाही.

आणखी एक: डायचा जोर दाखवायला मी गाजर वापरलं होतं. लोक हसले. पुढच्या वेळी खडूचा तुकडा ठेवला. त्याची पूड झाली तेव्हा कुणी हसलं नाही.

2 फेब्रुवारी, शुक्रवार

आजची मीटिंग लांबली. 'जाऊ दे तो जॉब' या ओळीवर प्लँट मॅनेजरसाहेब अडले. "तुम्ही आमच्या पैशाने लोकांना रिजेक्शन करायला सांगताय."

म्हणणं अगदीच बिनबुडाचं नव्हतं. शॉपच्या दारात फळा आहे, त्यावर रोज ऑपरेटरनिहाय रिजेक्शन लिहितात. ज्याचं जास्त, त्याला बोलणी. म्हणजे तिरका जॉब वाचवायला हात का उसळतो, याचं निम्मं उत्तर त्या फळ्यावर आहे. फिल्म सांगणार जाऊ दे, आणि फळा सांगणार वाचव. कामगार कुणाचं ऐकेल? फिल्म दीड मिनिटाची, फळा वर्षभर.

मी म्हटलं, ही ओळ ठेवायची तर फळा बदलावा लागेल. नसेल जमत तर ओळ काढा, पण मग गोष्टही काढा. एवढं ठाम बोलल्यावर काम जाईल असं वाटलं. मामा कोपऱ्यात उभे होते, त्यांना डायबद्दल विचारायला बोलावलं होतं. त्यांनी एक चेंगरलेला ब्रॅकेट टेबलावर ठेवला, आणि शेजारी हात. बोलले काहीच नाहीत.

ठरलं ते असं: तिरके गेलेले जॉब वेगळ्या लाल पेटीत, आणि त्या पेटीतला माल ऑपरेटरच्या नावावर लिहायचा नाही. तो सेटरच्या खात्यात. पत्रा वारंवार तिरका बसत असेल तर दोष बहुधा डायमध्ये पत्रा जागेवर अडवणाऱ्या अटकावाचा किंवा पत्र्याच्या कडेला राहिलेल्या खरखरीत बरचा असतो, माणसाचा नाही. म्हणजे पेटी भरली तर सेटरला डाय तपासायचं कारण मिळतं. हे शेवटचं फोरमनसाहेबांनी सुचवलं, आणि मॅनेजरसाहेबांना तेच पटलं.

6 फेब्रुवारी, मंगळवार

दुसरं भांडण, जरा सौम्य. हिशोबाचा कागद मी मॅडमना दिला होता. त्यांनी विचारलं, "मग पिन क्लचवर हात छातीशी घे एवढंच सांगून भागेल?" भागणार नाही. गोष्ट हाताची सवय थोडी बदलेल. शिफ्टच्या सातव्या तासाला सवयीचा काय भरवसा? त्या नऊ प्रेसना पुढून पक्की जाळी हवी, जिच्या फटीतून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही, आणि पत्रा आत सरकवायला ढकलपट्टी. तीन प्रेसना होती. सहांना नव्हती, किंवा होती आणि भिंतीला टेकवून ठेवली होती, कारण त्या जाळीतून मोठा जॉब जात नाही.

मॅडमनी फिल्मचाच आधार घेऊन मागणी लावली: जाळी नसलेल्या प्रेसवर चित्रण करता येणार नाही, फिल्ममध्ये दिसेल. हे कारण मला सुचलं नसतं. चार प्रेसना नवी जाळी महिनाअखेरीस, उरलेल्या दोन जाळी बसेपर्यंत बंद.

पण मग माझ्या पहिल्या गोष्टीचं काय? जाळी असेल तर हात आत जाणारच नाही. फोरमनसाहेब म्हणाले, "जाळी डाय बदलताना निघते, आणि ट्रायलचे पहिले जॉब कधीकधी जाळीशिवाय मारतात." तेही व्हायला नको, पण होतं. गोष्ट तिथंच नेली: डाय नुकतीच बदललीय, जाळी शेजारी पडलीय. आता दत्ताला तिरका जॉब दिसतो तेव्हा आपल्याला पडलेली जाळीही दिसते. शेवटी नवा पत्रा ठेवण्याआधी तो ती बसवतो. संवाद एकही वाढला नाही.

9 फेब्रुवारी, शुक्रवार

तिसरी गोष्ट, सेटरची, आज एका बैठकीत झाली. मेन बंद केल्यावर दिवा विझतो, मोटरचा आवाज थांबतो, पण फ्लायव्हील फिरतच राहतं. त्या चाकात एक फेरा मारण्याएवढा जोर शिल्लक असतो. चुकून पेडलला गुडघा लागला तर बंद प्रेस पडते. खूण काय? चाक. ते झाकणाआड असतं, म्हणून फोरमनसाहेबांनी झाकणाच्या जाळीतून दिसेल असा चाकावर पांढरा पट्टा मारायचं ठरवलं. पट्टा स्थिर दिसेपर्यंत थांबायचं, मेनला आपलं कुलूप लावून किल्ली खिशात टाकायची, रॅमखाली ठोकळा द्यायचा, मगच हात. मामा चाकाकडे बघत बिडीच्या बंडलाशी चाळा करतात, ओढत नाहीत. एवढीच गोष्ट, वाट बघण्याची. बावन्न सेकंद.

12 फेब्रुवारी, सोमवार

हिंदी. निम्म्याहून जास्त ऑपरेटर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे. मराठी संवादांखाली हिंदी अक्षरं द्यायचा बेत होता, तो सोडला. अक्षरं वाचायला गेलं की नजर हातावरून हटते, आणि सगळी गोष्ट हातातच आहे. दोन आवाज करायचे.

'जाऊ दे तो जॉब'चं मी 'उस जॉब को जाने दो' केलं. दरभंग्याचा एक ऑपरेटर म्हणाला, "ऐसे कौन बोलता है?" मग त्यानेच म्हटलं, "छोड़ ना, जाने दे." तेच ठेवलं. आवाजही त्याचाच घ्यायचा ठरला.

22 फेब्रुवारी, गुरुवार

चित्रण. सुट्टीचा दिवस, शॉप बंद. हात आणि पडणारा रॅम एका चौकटीत एकदाही घ्यायचे नाहीत, हे आधीच लिहून मॅडमची सही घेतली होती. हाताची सगळी दृश्यं मेनला कुलूप, चाक थांबलेलं, रॅमखाली ठोकळा अशा स्थितीत. रॅमची सगळी दृश्यं कॅमेरा तिकाटण्यावर आणि माणसं पिवळ्या रेषेबाहेर. जोडणी संगणकावर.

दुपारी कॅमेरामनला वाटलं, हाताच्या दृश्यात मागे ठोकळा दिसतोय, तेवढा पाच मिनिटं काढू. त्याला दोष देत नाही, चौकट खरंच बिघडत होती. मामा म्हणाले, "चौकट हलव." हलवली.

दत्ताचं काम केलं ते तिसऱ्या प्रेसवरच्या ऑपरेटरने. नट आणायचा विचार होता, पण नटाचा हात चिमटा धरतो तेव्हा कामगाराला लगेच कळतं. दहा वर्षं चिमटा धरलेल्या माणसाचा अंगठा वेगळा असतो.

26 फेब्रुवारी, सोमवार

आवाज. गुरुवारी प्रेस एकेकटी चालली, म्हणून ठोका स्वच्छ आला, आणि खोटा वाटला. शनिवारी चालू शिफ्टमध्ये जाऊन पुन्हा घेतला, मागच्या सगळ्या गोंगाटासकट. पण मग 'ठोका येत नाही' ही शांतता कुठून आणायची? गोंगाट तर चालूच राहणार. शेवटी बाकी सगळं तसंच ठेवून फक्त दत्ताच्या प्रेसचा ठोका काढला. फिल्म पाहताना तो न आलेला ठोका पोटात जाणवतो. जे या आवाजात रोज आठ तास काढतात त्यांनाच जाणवतो. माझ्या बायकोला काहीच कळलं नाही.

5 मार्च, मंगळवार

काल सुरक्षा दिनाची शपथ झाली, मग पहिली गोष्ट दाखवली. कॅन्टीनमध्ये नाही, प्रेसच्या रांगेतच, मशीन बंद ठेवून. चित्र थांबलं तेव्हा मागून कुणीतरी "अरे, हात!" असं ओरडलं. बाकी बोलण्यासारखं काही नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्याला अर्थ नाही. आठवड्याने काय आठवतं ते बघायचं.

13 मार्च, बुधवार

नवव्या दिवशी बारा जणांना गाठलं. या वेळी गोष्ट सांगायला लावली नाही, एक फोटो दाखवला: तिरका पत्रा, वर रॅम, पाय पेडलवर. "आता?" नऊ जणांनी काही बोलायच्या आत हात छातीशी नेला. दोघांनी "मशीन बंद करीन" असं सांगितलं. पिन क्लचवर ते उशिराचं आहे. म्हणजे 'दाबलं की थांबत नाही' हे त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. एक जण फिल्मच्या दिवशी रजेवर होता.

त्या दोघांना घेऊन फोरमनसाहेबांनी झाकण काढलं आणि चाक हाताने फिरवून पिन खाचेत बसताना दाखवली. फिल्ममध्ये हे दाखवायचं होतं का? मी विचार केला होता आणि वेळेपायी गाळलं होतं. दहा सेकंदांचं एक दृश्य वाढवतोय, नुसती पिन आणि खाच, शब्द नाहीत.

चौथी गोष्ट, रिपीटची, अजून दाखवलेली नाही. तिच्यात ऑपरेटर प्रेस बंद करून सेटरला बोलावतो, आणि सेटर यायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं टार्गेटमधून वजा होणार का, हे फळ्यावर अजून ठरलेलं नाही. ठरेपर्यंत ती लावू नका असं मॅडमना कळवलं.

जाताना लाल पेटीत डोकावलो. तळाशी ब्रॅकेट होते, सतरा-अठरा. मामा त्यातले दोन उचलून उजेडात धरून बघत होते. म्हणाले, सगळे एकाच बाजूला तिरके गेलेत, अटकाव झिजलाय.